ताळेबंदातून कंपनीचं कर्ज आणि मालकांचा पैसा वेगळा कसा काढायचा

ताळेबंद उघडायचा, "बॉरोइंग्ज" नावाची दिसेल ती पहिली ओळ उचलायची, "शेअर कॅपिटल"च्या आकड्याने तिला भागायचं आणि जे येईल त्याला डेट-इक्विटी, म्हणजे कर्ज आणि मालकांचा पैसा यांचं गुणोत्तर, म्हणायचं. हिशोब दोन मिनिटांत होतो, पण वरचा आकडाही चुकीचा असतो आणि खालचाही. कर्ज ताळेबंदात किमान दोन ठिकाणी, बऱ्याचदा चार ठिकाणी विखुरलेलं असतं. मालकांच्या पैशातला मोठा भाग शेअर कॅपिटलच्या ओळीत नसतोच.

खाली एका काल्पनिक कंपनीचे आकडे घेऊन सगळा क्रम दाखवला आहे. ती पंप बनवते, शेअर बाजारात नोंदलेली आहे आणि तिची एक उपकंपनी आहे. आकडे कोटी रुपयांत आहेत. ही पद्धत कारखानदारी, व्यापार आणि सेवा कंपन्यांसाठी आहे. बँका आणि फायनान्स कंपन्यांना ती लावू नका. उधार घेतलेला पैसा हाच त्यांचा कच्चा माल असतो आणि त्यांचे ताळेबंदही वेगळ्या नमुन्यात येतात.

## टप्पा 1: योग्य कागद हातात घ्या

नोंदलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर मिळतो, तसाच कंपनीच्या स्वतःच्या गुंतवणूकदारांसाठीच्या पानावरही मिळतो. तिमाही निकालांचं पत्रक किंवा कंपनीचं सादरीकरण या कामाला पुरत नाही, कारण त्यात प्रत्येक ओळीची फोड देणाऱ्या नोट्स नसतात आणि खरं काम नोट्समध्येच आहे. कंपनी प्रायव्हेट असेल तर कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरून तिने दाखल केलेला ताळेबंद पाहता येतो. तो एओसी-4 या फॉर्मसोबत जोडलेला असतो.

अहवालात ताळेबंद दोनदा येतो. आधी स्टँडअलोन, म्हणजे एकट्या कंपनीचा, आणि नंतर कन्सॉलिडेटेड, म्हणजे उपकंपन्यांसह. आपल्याला दुसरा हवा. उपकंपनीच्या नावावर कर्ज काढून मूळ कंपनीचा ताळेबंद स्वच्छ ठेवणं पूर्ण कायदेशीर आहे आणि नेहमी चालतं. दोन्ही ताळेबंद सारखेच दिसतात, त्यामुळे पानाच्या माथ्यावरचा शब्द वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तपासा: आकडे लाखांत आहेत, कोटींत आहेत की दशलक्षांत, हे त्याच माथ्यावर उजवीकडे बारीक अक्षरात असतं. दोन कंपन्यांची तुलना करताना चूक सर्वात जास्त इथेच होते.

## टप्पा 2: देण्यांची बाजू जशीच्या तशी उतरवा

गाळागाळ न करता सगळी बाजू आधी कागदावर किंवा शीटमध्ये उतरवा. ओळी निवडून घेतल्या की चार ओळींनंतर काय सुटलं ते कळेनासं होतं. आपल्या पंप कंपनीची 31 मार्चची बाजू अशी आहे:

```
इक्विटी शेअर कॅपिटल                20
अदर इक्विटी                      420
नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्ट              20
एकूण इक्विटी                     460

नॉन-करंट बॉरोइंग्ज               150
नॉन-करंट लीज लायबिलिटीज          24
नॉन-करंट तरतुदी                   12
डिफर्ड टॅक्स                      18

करंट बॉरोइंग्ज                   186
करंट लीज लायबिलिटीज               8
ट्रेड पेएबल्स                     210
इतर वित्तीय देणी                  26
इतर चालू देणी                     38
करंट तरतुदी                        8

एकूण                           1140
```

तपासा: ही बेरीज मालमत्तेच्या बाजूच्या बेरजेशी रुपयाला रुपया जुळली पाहिजे. जुळत नसेल तर ओळ सुटली आहे किंवा गेल्या वर्षीचा रकाना उचलला गेला आहे.

## टप्पा 3: मालकांचा पैसा मोजा

इथे शेअर कॅपिटल 20 कोटी दिसतं. ही फक्त दर्शनी मूल्याची रक्कम आहे. दहा रुपयांचा शेअर शंभरला विकला तर दहा रुपये या ओळीत जातात आणि नव्वद रुपये सिक्युरिटीज प्रीमियम म्हणून "अदर इक्विटी"त जातात. वर्षानुवर्षं कमावलेला आणि लाभांश म्हणून न वाटलेला नफाही तिथेच साचतो. म्हणून अदर इक्विटीची नोट उघडून तिचे तुकडे पाहा. आपल्या कंपनीत प्रीमियम 90, जनरल रिझर्व्ह 53, रिटेन्ड अर्निंग्ज 262 आणि परकीय चलनाच्या फरकासारख्या बाबींचे 15, असे 420 कोटी होतात.

या तुकड्यांवरून आणखी एक गोष्ट कळते. मालकांनी खिशातून घातलेले पैसे 20 आणि 90 मिळून 110 कोटी आहेत. बहुतेक बाकी रक्कम धंद्याने कमावून आत ठेवली आहे. दुसऱ्या एखाद्या कंपनीचीही एकूण इक्विटी 460 असेल, पण त्यात प्रीमियम 600 आणि रिटेन्ड अर्निंग्ज उणे 150 असतील, तर तिने शेअर विकून पैसे आणले आणि त्यातले काही तोट्यात घालवले. वरवर आकडा तोच, पण ही अगदी वेगळी कंपनी आहे. उणे आकडा कंसात छापतात, त्यामुळे कंस नजरेतून सुटू देऊ नका.

आता नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्टचे 20 कोटी. उपकंपनीत बाहेरच्या भागधारकांचा जो वाटा आहे, तो हा. काही जण तो वगळून 440 धरतात. मी 460 धरतो, कारण कन्सॉलिडेटेड ताळेबंदात उपकंपनीचं कर्ज पूर्ण येतं, फक्त आपल्या वाट्याइतकं येत नाही. कर्ज पूर्ण घ्यायचं आणि मालकी अर्धवट, असं केलं तर गुणोत्तर उगाच फुगतं.

सावध: रिझर्व्ह म्हणजे तिजोरीतली रोकड नव्हे. 420 कोटी कुठून आले एवढंच ही बाजू सांगते. ते कधीच यंत्रं, माल आणि उधारीत गेलेले असतात. "कंपनीकडे 420 कोटींचा राखीव निधी आहे, मग कर्ज का फेडत नाही?" या प्रश्नाचं उत्तर मालमत्तेच्या बाजूला, रोकडीच्या ओळीत असतं.

सावध: शेअरच्या बाजारभावाचा इथे काही संबंध नाही. बाजारमूल्याने भागलेलं गुणोत्तरही लोक वापरतात, पण ते ताळेबंदातून निघत नाही आणि भाव पडला की तेही बदलतं.

अदर इक्विटीत रिव्हॅल्युएशन रिझर्व्ह दिसला तर तो बाजूला लिहून ठेवा. जमिनीची किंमत कागदावर वाढवली की इक्विटी वाढते, पण एक रुपयाही आत आलेला नसतो. दोन कंपन्यांची तुलना करताना तो वजा करूनच करा.

## टप्पा 4: उघड कर्ज गोळा करा

बॉरोइंग्जची ओळ दोनदा येते. एकदा नॉन-करंट देण्यांत, एकदा करंट देण्यांत. आपल्या कंपनीत 150 आणि 186, मिळून 336. फक्त पहिली ओळ उचलणाऱ्याला निम्म्याहून कमी कर्ज दिसतं. शिवाय करंट बॉरोइंग्ज म्हणजे लवकरच फिटणारं किरकोळ कर्ज, असंही नाही. नोट उघडली की त्यात 140 कोटी कॅश क्रेडिट आणि वर्किंग कॅपिटलचं कर्ज दिसतं. ते कागदोपत्री मागणीबरोबर परत करायचं असतं, प्रत्यक्षात दर वर्षी नवं होत राहतं आणि कारखाना चालू आहे तोवर बहुधा संपत नाही. उरलेले 46 कोटी म्हणजे मुदत कर्जाचे येत्या बारा महिन्यांत भरायचे हप्ते.

सावध: हे 46 कोटी जुन्या अहवालांत इथे सापडणार नाहीत. मार्च 2021 मध्ये कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीनमध्ये, म्हणजे ताळेबंदाच्या ठरलेल्या नमुन्यात, दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2021 पासून पुढच्या हप्त्यांची रक्कम करंट बॉरोइंग्जमध्ये दाखवणं सक्तीचं झालं. त्याआधी इंड एएस या नव्या लेखा मानकांवरच्या कंपन्या ती "इतर वित्तीय देणी"त आणि जुन्या लेखा मानकांवरच्या कंपन्या "इतर चालू देणी"त दाखवत. दहा वर्षांचा तक्ता करणाऱ्यांना 2021-22 मध्ये कर्जाने अचानक उडी मारल्यासारखं दिसतं. पुष्कळदा कर्ज वाढलेलं नसतं, त्याची जागा बदललेली असते. म्हणून आधीच्या प्रत्येक वर्षाची ती नोट उघडून हप्ते कर्जात मिळवा.

नॉन-करंट 150 कोटींचेही तुकडे पाहा. त्यात बँकांचं मुदत कर्ज 120 आणि प्रवर्तकांनी घेतलेले रिडीमेबल प्रेफरन्स शेअर 30 आहेत. नावात शेअर आहे म्हणून ते उचलून इक्विटीत टाकायचा मोह होतो. टाकू नका. ठरलेल्या तारखेला परत करायचा पैसा हा कर्जच असतो आणि इंड एएसमध्ये तो कर्जातच दाखवतात. उलट जुन्या मानकांवर चालणाऱ्या छोट्या कंपन्यांत प्रेफरन्स शेअर भागभांडवलातच बसलेले असतात. तिथे ते आपल्या हाताने काढून कर्जाच्या बाजूला न्यावे लागतात. कंपनी कायद्यानुसार कधीच परत न करायचे प्रेफरन्स शेअर काढता येत नाहीत आणि मुदत साधारणपणे 20 वर्षांच्या आत असावी लागते, तेव्हा "हे कायमचं भांडवल आहे" हा युक्तिवाद टिकत नाही.

## टप्पा 5: दुसऱ्या नावांनी बसलेलं कर्ज शोधा

हा टप्पा वेळ खातो, पण निकाल इथेच फिरतो. तीन जागा पाहायच्या.

पहिली जागा लीज लायबिलिटीज. भाड्याने घेतलेल्या जागा आणि यंत्रांच्या पुढच्या भाड्याचं हे आजचं मूल्य. एप्रिल 2019 पासून इंड एएस कंपन्यांना ते ताळेबंदात आणावं लागलं. आपल्या कंपनीत 24 आणि 8 मिळून 32 कोटी. हे कर्जात धरावं की नाही यावर मतभेद आहेत. मी धरतो, पण वेगळ्या ओळीत लिहितो. दुकानांची साखळी किंवा सिनेमागृहं चालवणाऱ्या कंपनीत हीच रक्कम बँकेच्या कर्जाहून मोठी निघू शकते, तेव्हा ती मिसळून टाकली तर काहीच कळत नाही.

दुसरी जागा इतर वित्तीय देणी. 26 कोटींच्या नोटेत "देय झालेलं पण न भरलेलं व्याज" अशा अर्थाची 4 कोटींची ओळ आहे. ती कर्जात घ्या. बाकीचे 22 कोटी म्हणजे ग्राहकांच्या अनामती, न घेतलेला लाभांश, यंत्रांच्या पुरवठादारांची देणी. ते राहू द्या.

तिसरी जागा ट्रेड पेएबल्स. इथे 210 कोटी आहेत आणि बहुतेक वाचक या ओळीकडे वळूनही पाहत नाहीत. नोटेत "ॲक्सेप्टन्सेस" नावाखाली 62 कोटी दिसतात. व्यवहार असा होतो: पोलाद पुरवणाऱ्याचं बिल कंपनी स्वीकारते, बँक पुरवठादाराला आधीच पैसे देते आणि कंपनी ते बँकेला, समजा, 120 दिवसांनी फेडते. पुरवठादार केव्हाच मोकळा झालेला असतो. म्हणजे आता देणं बँकेचं आहे, पण ताळेबंदात ते पुरवठादाराच्या उधारीत बसलेलं आहे.

हे सगळे 62 कोटी कर्ज धरायचे का? माझी कसोटी एकच. वाढीव दिवसांचं व्याज कोण भरतं? कंपनी भरत असेल तर ते कर्ज. फायनान्स कॉस्टच्या नोटेत बिल डिस्काउंटिंग किंवा एलसीच्या, म्हणजे बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटच्या, खर्चाची ओळ असेल तर उत्तर मिळालं. आपल्या कंपनीत ती आहे, म्हणून 62 कोटी कर्जात घेतले. उरलेले 148 कोटी ही धंद्यातली नेहमीची उधारी.

तपासा: अहवालाच्या पीडीएफमध्ये `acceptances`, `bill discounting`, `supplier finance` आणि `channel finance` हे शब्द एकेक करून शोधा. काहीच सापडलं नाही, पण पुरवठादारांना पैसे द्यायचे दिवस त्याच धंद्यातल्या इतर कंपन्यांच्या दुप्पट दिसले, तर प्रश्न मनात ठेवून पुढे जा.

प्रायव्हेट कंपन्यांत आणखी एक ओळ भेटते, संचालकांकडून घेतलेलं विनातारण कर्ज. सांगली-कोल्हापूरकडच्या फाउंड्रीपासून नाशिकच्या सुट्या भागांच्या कारखान्यापर्यंत हे सर्रास दिसतं. घरचाच पैसा असतो, फक्त शेअरच्या रूपात न घालता कर्ज म्हणून घातलेला, म्हणजे काढून घेणं सोपं. बँका कर्ज देताना बरेचदा लेखी घेतात की आमचं फिटेपर्यंत हा पैसा काढणार नाही, आणि मग तो मालकांच्या पैशासारखा धरतात. तसं पत्र असल्याचं नोटेत दिसत नसेल तर तो कर्जातच राहू द्या.

## टप्पा 6: तीन ढीग करा

आता प्रत्येक ओळ तीनपैकी एका ढिगात जाते: मालकांचा पैसा, कर्ज आणि धंद्याच्या ओघात आपोआप तयार होणारी देणी. तिसरा ढीग न केल्याने मोठी चूक होते. काही जण इक्विटी सोडून उरलेलं सगळंच कर्ज धरतात. ग्राहकाने दिलेली आगाऊ रक्कम, ग्रॅच्युइटीची तरतूद, भरायचा जीएसटी, डिफर्ड टॅक्स यांवर कुणी व्याज लावत नाही आणि ते कर्ज म्हणून कुणी दिलेलंही नसतं.

```
कर्ज
  बॉरोइंग्ज (150 + 186)      336
  देय व्याज                    4
  लीज (24 + 8)                32
  ॲक्सेप्टन्सेस                62
  एकूण                       434

मालकांचा पैसा                460
इतर देणी                     246
एकूण                        1140
```

कंपनीतल्या दर शंभर रुपयांपैकी साधारण 40 मालकांचे, 38 कर्जाचे आणि 22 पुरवठादार, ग्राहक आणि सरकार यांच्या देण्यांचे आहेत. मला गुणोत्तरापेक्षा हे वाक्य जास्त उपयोगी वाटतं. तरी गुणोत्तर हवंच असेल तर 434 भागिले 460, म्हणजे 0.94.

हेच गुणोत्तर घाईत काढलं असतं तर? 150 भागिले 20 केलं तर 7.5, कंपनी बुडीत निघाल्यासारखी. 150 भागिले 460 केलं तर 0.33, जवळपास कर्जमुक्त. ताळेबंद एकच आहे.

तपासा: 2021 च्या त्याच दुरुस्तीनंतर कंपन्यांना डेट-इक्विटी गुणोत्तर स्वतः नोट्समध्ये छापावं लागतं आणि ते कशाला कशाने भागून काढलं तेही सांगावं लागतं. वर्षभरात 25 टक्क्यांहून जास्त फरक पडला तर कारणही द्यावं लागतं. आपल्या कंपनीने 0.73 छापलं आहे, म्हणजे 336 भागिले 460. आपला आकडा आणि त्यांचा आकडा यांतला फरक ओळीओळीने सांगता आला पाहिजे. इथे तो देय व्याज, लीज आणि ॲक्सेप्टन्सेस यांचा आहे. सांगता येत नसेल तर टप्पा 4 आणि 5 पुन्हा करा. गुंतवणुकीच्या संकेतस्थळांवरचे तयार आकडेही असेच पडताळा. कुणी लीज धरतं, कुणी धरत नाही.

## टप्पा 7: व्याजावरून उलट तपासणी

ताळेबंद एका दिवसाचा असतो. 31 मार्चच्या आधी ग्राहकांकडून वसुली रेटायची, पुरवठादारांचे पैसे थांबवायचे, कॅश क्रेडिट खाली आणायचं आणि एप्रिलमध्ये पुन्हा वर न्यायचं, हे कुणाला नवीन नाही. ते पकडायची साधी रीत नफा-तोटा पत्रकात आहे.

फायनान्स कॉस्ट 44 कोटी आहे. गेल्या वर्षीचं कर्ज याच पद्धतीने काढलं तर 406 येतं. दोन्ही वर्षांची सरासरी 420 आणि 44 भागिले 420 म्हणजे साधारण 10.5 टक्के. नोटेत मुदत कर्जाचे दर 9 ते 10 टक्के दिले आहेत. वरचा थोडा फरक बँकेचे आकार आणि एलसीचं कमिशन यांचा असू शकतो. आकडा पटण्यासारखा आहे. फक्त 150 कोटी हेच कर्ज धरलं असतं तर व्याजाचा दर 29 टक्के आला असता, आणि तिथेच काहीतरी सुटल्याचं कळलं असतं.

सावध: सगळं कर्ज गोळा करूनही दर 15-16 टक्के येत असेल तर वर्षभर कर्ज वर्षअखेरीपेक्षा बरंच जास्त असण्याची शक्यता आहे. नोंदलेल्या कंपन्यांना 30 सप्टेंबरचा ताळेबंदही सहामाही निकालासोबत द्यावा लागतो. तो उघडा आणि सरासरीत तिसरा आकडा म्हणून घ्या. उलट दर 5 टक्केच आला तर व्याजाचा काही भाग नव्या कारखान्याच्या खर्चात चढवला आहे का पाहा. फायनान्स कॉस्टच्या नोटेत ती वजावट दिसते.

## टप्पा 8: या वर्षी पैसा कुठून आला

आतापर्यंत साठा मोजला. गेल्या वर्षीचा रकाना शेजारीच छापलेला असतो, त्यामुळे ओघ मोजायला फार कष्ट नाहीत. इक्विटी 425 वरून 460 झाली, म्हणजे 35 कोटींची वाढ. इक्विटीतल्या बदलांचं पत्रक सांगतं की नफा 38, चलनफरकासारख्या बाबींचे 3 आणि लाभांश वजा 6. नवा शेअर एकही काढलेला नाही. कर्ज 28 कोटींनी वाढलं. म्हणजे या वर्षीची वाढ कंपनीने आपल्या नफ्यावर आणि उधारीवर केली. मालकांनी खिशात हात घातला नाही. लाभांशाचे 6 कोटी तेवढे बाहेर गेले.

रोकड वजा करून "नेट डेट" काढायचं असेल तर इथे काढा, त्याआधी नको. पैसा कुठून आला हे रोकडीमुळे बदलत नाही. कंपनीकडे रोकड आणि ठेवी 70 कोटी आहेत, पण नोटेनुसार त्यातल्या 25 कोटींच्या ठेवी बँक गॅरंटीसाठी मार्जिन म्हणून अडकल्या आहेत. त्यांनी कर्ज फेडता येत नाही, म्हणून वजा करायचे ते 45. नेट डेट 389 कोटी.

शेवटी कंटिंजंट लायबिलिटीजची नोट वाचा. सहयोगी कंपनी किंवा प्रवर्तकांच्या दुसऱ्या कंपनीच्या कर्जाला दिलेली हमी तिथे असते. ती वरच्या कुठल्याच बेरजेत येत नाही आणि ती 434 मध्ये मिळवायचीही नाही, कारण पैसा या कंपनीत आलेला नाही. तिची रक्कम शीटच्या तळाशी स्वतंत्र लिहा आणि ज्याच्यासाठी हमी दिली, त्या कंपनीचा ताळेबंद मिळत असेल तर तोही याच क्रमाने उघडा.